काजूच्या कारखान्यातून समजून घेऊया उत्पन्नाचा चक्राकार प्रवाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गात बारावीला आणि एफवायला अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी जून-जुलैत या धड्यावरचे तेच ते प्रश्न येतात. हल्ली मुलांबरोबर पालक, बागायतदार आणि होमस्टे चालवणारेही विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणासाठी वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक छोटा काजू कारखाना धरला आहे. आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत.

१. चक्राकार प्रवाह म्हणजे नेमकं काय? दोन ओळींत सांगा.

घरं कारखान्यांना श्रम, जागा आणि भांडवल देतात आणि त्याबदल्यात त्यांना पैसे मिळतात. तेच पैसे देऊन घरं कारखान्यांच्या वस्तू विकत घेतात आणि पैसा जिथून निघाला तिथे परत जातो. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं, म्हणून हे चक्र.

पुस्तकात ‘कुटुंबसंस्था’ आणि ‘उत्पादनसंस्था’ असे शब्द आहेत. मी ‘घर’ आणि ‘कारखाना’ म्हणतो. शेत, मच्छीमार बोट, खानावळ, रिक्षा, दवाखाना हे सगळे या हिशेबात कारखानेच.

२. पैसा एका दिशेने आणि वस्तू उलट दिशेने जातात, हे प्रत्यक्षात दिसतं कुठे?

शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या दारात उभे राहा. आठवडाभर बायका कटिंग मशीनवर बसलेल्या असतात. वाफवून सुकवलेली काजूबी एका हाताने पात्यात धरायची, दुसऱ्या हाताने दांडा दाबायचा, टरफल फुटलं की सुईने गर अख्खा बाहेर काढायचा. टरफलातला चीक बोटांना लागला तर कातडी सोलवटते, म्हणून हाताला तेल किंवा राख. हे श्रम सोमवार ते शनिवार घरातून कारखान्याकडे गेले. शनिवारी पगाराचं पाकीट कारखान्यातून घराकडे आलं. दोन बाण एकमेकांच्या उलट.

आता त्यातलीच एखादी बाई वाटेत बाजारात थांबते. तेल, तांदूळ, मुलाला वही घेते. वस्तू दुकानातून घराकडे आल्या आणि पैसे घरातून दुकानाकडे गेले. हे आणखी दोन उलटे बाण.

एकूण चार बाण झाले. श्रमांची आणि जागेची देवघेव जिथे होते तो घटकबाजार, आणि तेल-तांदळाची होते तो वस्तूबाजार. परीक्षेत आकृती काढताना एवढंच तपासा की प्रत्येक पैशाच्या बाणाला जोडून उलट दिशेचा एक वस्तूचा किंवा सेवेचा बाण आहे का. जिथे तो सापडत नाही तिथे काहीतरी वेगळं चाललेलं असतं. पुढचे अवघड प्रश्न बहुतेक तिथूनच निघतात.

३. पैशाचा बाण घड्याळाच्या काट्याप्रमाणे काढायचा की उलट? आमच्या दोन पुस्तकांत दोन तऱ्हा आहेत.

कसाही काढा. घरं डावीकडे घेतली की एक दिशा येते, उजवीकडे घेतली की दुसरी. पैसा आणि वस्तू एकमेकांच्या उलट हव्यात, एवढीच अट आहे. यासाठी गुण कापले गेल्याचं एका विद्यार्थ्याने मला पेपर आणून दाखवलं होतं. तो कापणाऱ्याचाच दोष.

४. ही कल्पना आली कुठून?

फ्रान्स्वा केने नावाचा फ्रेंच राजदरबारातला वैद्य होता. त्याने १७५८ साली शेतकरी, जमीनदार आणि कारागीर यांच्यात वर्षभराचं उत्पन्न कसं फिरतं याचा तक्ता केला. वैद्य असल्यामुळे त्याच्या तक्त्याची तुलना रक्ताभिसरणाशी नेहमी होते. त्याच्या मते फक्त शेतीच खरी भर घालते, कारागीर नाही. ते मत पुढे टिकलं नाही, तक्त्याची पद्धत टिकली.

दुसरी गंमत १९४९ सालची. बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या माणसाने लंडनमध्ये पाण्यावर चालणारं यंत्र बनवलं. पारदर्शक नळ्यांतून रंगीत पाणी फिरायचं, ते म्हणजे उत्पन्न. कर आणि बचत यांच्या तोट्या फिरवल्या की टाकीची पातळी बदलायची. पण त्या यंत्रात फक्त पैसा वाहतो. उलट जाणाऱ्या वस्तू मनात धराव्या लागतात.

५. आमचं घर आणि कारखाना एकच आहे. खळ्यात बसून आम्हीच काजू फोडतो. मग आम्ही कुठल्या चौकोनात?

दोन्हींत. चौकोन भिंतींचे नसून भूमिकांचे आहेत. सकाळी खळ्यात काजू फोडताना तुम्ही उत्पादनसंस्था आहात, दुपारी निस्त्याक, म्हणजे मासे आणायला, बाजारात गेलात की कुटुंबसंस्था.

अडचण फक्त उत्पन्नाला नाव देताना येते. मजुरी, जागेचं भाडं आणि नफा हे सगळं एकाच डब्यात पडतं, आणि त्यातला पगार किती, नफा किती हे तुम्हालाही सांगता येत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात याला ‘मिश्र उत्पन्न’ असा वेगळा रकाना आहे. कोकणातली निम्मी दुकानं आणि बागा याच रकान्यात बसतील असा माझा अंदाज आहे.

६. एकदा आकड्यांत करून दाखवा. उत्पन्न आणि खर्च बरोबर सारखे कसे येतात?

कारखान्याने मोसमात बागायतदारांकडून १,००० किलो काजूबी १२० रुपये किलोने घेतली. खर्च १,२०,००० रुपये. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर धरला तर २५० किलो गर निघाला. दहा किलोचा एक, असे २५ डबे. गर सरासरी ७०० रुपये किलोने विकला, म्हणजे विक्री १,७५,००० रुपयांची.

या विक्रीतून १,२०,००० बीचे गेले. वीज, सरपण आणि डबे यांचे ७,००० गेले. उरले ४८,०००. ही कारखान्याने स्वतः घातलेली भर. ती कोणाकोणाला मिळाली ते बघा. बायकांची मजुरी २६,०००, शेडचं भाडं ४,०००, कर्जाचं व्याज ६,००० आणि मालकाचा नफा १२,०००. बेरीज ४८,०००च येते.

ती येतेच, कारण नफा म्हणजे बाकी सगळ्यांना देऊन उरलेली रक्कम. विक्री कमी झाली तर नफा आकसतो, तोट्यातही जातो, पण बेरीज चुकत नाही. ‘सर, हे दरवेळी जुळतं कसं?’ याचं उत्तर एवढंच आहे, त्यात जादू नाही.

आता गाव धरा. बागायतदारांना १,२०,००० मिळाले. त्यांनी खत वगैरे काही विकत घेतलं नाही असं समजू. वीज, सरपण, डबे पुरवणाऱ्यांना ७,००० मिळाले आणि कारखान्याशी जोडलेल्या घरांना ४८,०००. एकूण उत्पन्न १,७५,०००. ग्राहकांनी गरावर केलेला अंतिम खर्चही १,७५,०००. वस्तू मोजा, उत्पन्न मोजा किंवा खर्च मोजा, प्रवाह एकच असल्यामुळे कुठेही मोजला तरी आकडा तोच येतो.

७. पण मग काजूबीचे १,२०,००० आणि गराचे १,७५,००० मिळून २,९५,००० का नाही?

कारण गराच्या किमतीत बीची किंमत आधीच आहे. बी दोनदा मोजली तर गावाने न केलेलं उत्पादन कागदावर येईल. म्हणून एक तर फक्त अंतिम वस्तू मोजायची किंवा प्रत्येक टप्प्यावरची भर मोजायची. प्रश्न ६ मध्ये दोन्ही करून बघितलं आहे.

इथे मुलांची एक चूक हमखास होते. ती पाठ करतात, ‘काजूबी मध्यवर्ती वस्तू, काजूगर अंतिम वस्तू’. वस्तूच्या नावावरून हे ठरत नाही. तोच डबा घरी उसळीसाठी नेला तर अंतिम, मिठाईवाल्याने कतलीसाठी नेला तर मध्यवर्ती. आणि बागायतदाराने घरीच चुलीत भाजून खाल्लेली बी? ती अंतिम वस्तू. वस्तू कोण घेतो आणि कशासाठी, हे विचारा.

८. नफा तर मालक ठेवून घेतो. तो ‘घरांकडे गेला’ असं का म्हणायचं?

मालकालाही घर असतं म्हणून. साध्या आकृतीत कारखाना हा नुसता चौकोन आहे, त्याच्या हाती काही उरत नाही. मोठ्या कंपन्या नफ्याचा काही भाग न वाटता मागे ठेवतात हे खरं, पण ती त्यांची बचत धरली जाते. तिचं काय होतं ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. १,७५,००० चा प्रवाह म्हणजे गावात तेवढ्या नोटा हव्यात का?

नाही. प्रवाह एका काळात मोजला जातो, नोटा एका क्षणी. शनिवारी कारखान्याने दिलेली ५०० ची नोट बाईने किराणावाल्याला दिली. त्याने ती बागायतदाराला नारळाचे पैसे म्हणून दिली. बागायतदाराने ती मुलीच्या शिवणकामवालीला दिली. एका नोटेने एका आठवड्यात चार वेळा उत्पन्न दिलं. म्हणजे २,००० रुपयांचे व्यवहार झाले आणि नोट मात्र एक.

उलटंही होतं. पावसात मासेमारी बंद असते, बाजार मंद असतो, तेव्हा तीच नोट आठवडाभर पेटीत पडून राहते. नोटा तेवढ्याच, प्रवाह बारीक. ‘गावात पैसाच नाही’ असं लोक जुलैत म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा पैसा असतो, पण फिरत नसतो.

१०. बचत केली तर चक्र तुटतं का? मग बचत चांगली की वाईट?

यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

प्रश्न ६ मधलंच गाव घ्या. गावाबाहेर कोणी नाही आणि सगळे गर गावातच खपतात असं धरा. हसू नका, नियम समजण्यापुरतं. लोकांना १,७५,००० मिळाले. त्यांनी पाचवा भाग, म्हणजे ३५,००० बाजूला ठेवले आणि १,४०,००० चे गर घेतले. २५ पैकी २० डबे गेले, पाच डबे गोदामात राहिले. त्यांची किंमत बरोबर ३५,०००.

हिशेबनीस म्हणेल, सगळं जुळलं. बचत ३५,००० आणि साठ्यात वाढ ३५,०००, आणि साठ्यातली वाढ ही गुंतवणूकच धरली जाते. कागदावर तो चूक नाही. पण मालकाने ही ‘गुंतवणूक’ ठरवून केलेली नाही, ती त्याच्या गळ्यात पडली आहे. चक्र बिघडलंय हे कळतं ते इथे. वहीत दोन्ही बाजू जुळतात आणि गोदामात डबे साठत जातात.

मग पुढच्या मोसमात मालक काय करेल? २० डब्यांपुरतीच बी घेईल. बागायतदाराला कमी पैसे, बायकांना कमी दिवस काम. गावाचं उत्पन्न १,४०,००० वर आलं. लोकांनी पुन्हा पाचवा भाग वाचवला, २८,०००, तर आता चार डबे उरतील. जास्त वाचवायच्या नादात गाव कमी वाचवू लागलं. केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली गोष्ट ती हीच.

हे खाली खाली जात शून्यावर का येत नाही? एक तर उत्पन्न घटलं की माणूस आधी बचत सोडतो, जेवण सोडत नाही. दुसरं म्हणजे वाचवलेला पैसा कोणीतरी उचलून खर्च करतो. समजा त्याच मोसमात एकाने पतपेढीतून ३५,००० कर्ज काढून चिऱ्याची शेड बांधली. गवंडी आणि चिरेखाणीवरचे मजूर तिकडे गेले, म्हणून कारखान्याने २५ ऐवजी २०च डबे केले. आता गावाचं उत्पादन १,४०,००० चे गर आणि ३५,००० ची शेड, मिळून पुन्हा १,७५,०००. लोकांनी ३५,००० वाचवले तरी एकही डबा पडून राहिला नाही.

म्हणजे बचतीने चक्र तुटत नाही. बचत बाहेर गेली आणि तिच्याएवढी गुंतवणूक कोणी ठरवून आत आणली नाही, तर चक्र लहान होतं. बाहेर जाणं ही गळती, आत येणं ही भर.

११. सरकार कुठे बसतं?

कर ही गळती, सरकारचा खर्च ही भर. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळतं तेव्हा उलट दिशेला तिची सेवा जाते, म्हणून तो चक्रातला पूर्ण व्यवहार. निराधार योजनेचे पैसे मिळतात तेव्हा उलट दिशेला काही जात नाही, म्हणून ते हस्तांतर. ते उत्पादनात मोजत नाहीत. आजीने त्यातून औषध घेतलं की ती खरेदी मोजली जाते.

१२. आमच्याकडे एवढे पर्यटक येतात, तरी गावात पैसा टिकत नाही. या आकृतीत त्याचं उत्तर आहे का?

आहे. या धड्याचा कोकणात सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो.

तारकर्लीच्या एका होमस्टेवर पर्यटकाने १,००० रुपये दिले. ते बाहेरून आले, म्हणजे भर. आता होमस्टेवाल्याचा खर्च बघा. भाजी घाटावरून, बेळगाव-कोल्हापूरच्या गाडीने. दूधही घाटावरचं. गॅस, शीतपेयं, चादरी, ॲपचं कमिशन, सगळं बाहेर. समजा ६०० असे गेले आणि ४०० गावात राहिले, मासे विकणारणीला, स्वयंपाकाच्या बाईला, नारळवाल्याला. त्यांनीही ४०० मधले ४० टक्केच गावात खर्च केले, म्हणजे १६०. पुढच्या फेरीत ६४, मग साधारण २६. सगळ्या फेऱ्यांची बेरीज १,६६७ च्या आसपास थांबते.

आता दर रुपयातले ४० पैशांऐवजी ८० पैसे गावात राहतात असं धरा. तेच १,००० फिरत फिरत ५,००० पर्यंत जातात. पर्यटक एकही वाढलेला नाही.

```
एकूण व्यवहार = पहिली भर ÷ (१ − गावात राहणारा वाटा)
१,००० ÷ (१ − ०.४) = १,६६७
१,००० ÷ (१ − ०.८) = ५,०००
```

लक्षात घ्या, हा व्यवहारांचा आकडा आहे. ‘गाव ५,००० ने श्रीमंत झालं’ असं कोणी भाषणात सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि गळती पूर्ण बंद करणं शहाणपणाचं नसतं. घाटावरची भाजी स्वस्त पडते म्हणून तर येते. पावसाळ्यात परसातली काकडी, पडवळ, भेंडी भरपूर असताना गाडीवरचीच घेतली जाते, तिथे मात्र मला चुटपूट लागते.

दुसरी गळती कोणी बघत नाही, ती बँकेतली. चाकरमान्यांनी आणि निवृत्तांनी गावच्या शाखेत ठेवी ठेवल्या, पण शाखेने दर १०० रुपये ठेवीमागे गावात ४०च कर्ज दिलं, तर बाकीचे पैसे दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणाच्या तरी कामाला लागले. देशाचं चक्र त्याने तुटत नाही, गावाचं बारीक होतं. हे जोखायला कर्ज-ठेव प्रमाण बघा, रिझर्व्ह बँक ते जिल्हावार प्रसिद्ध करते.

१३. कारखानदार आफ्रिकेतून बी आणतो. मग हिशेब बदलतो का?

बदलतो. इथली बी पुरत नाही म्हणून आफ्रिकी देशांतून कच्ची काजूबी येते, हे कारखान्याशी संबंध असलेल्या कोणालाही माहीत आहे. प्रश्न ६ मधली सगळी बी आयात केली असं धरा. ग्राहक तरीही १,७५,००० च देतो. त्यातले १,२०,००० बाहेर जातात आणि इथलं उत्पन्न राहतं फक्त ५५,०००.

म्हणून देशाचा हिशेब करताना एकूण खर्चातून आयात वजा करतात. पुष्कळांना वाटतं, आयात ‘वाईट’ म्हणून वजा करतात. तसं नाही. ग्राहकाच्या खर्चात ती आधी मिसळलेली असते, ती बाहेर काढायची एवढंच. आणि ही बी आली नसती तर कटिंगवाल्या बायकांचे २६,००० सुद्धा बुडाले असते.

१४. मुंबईहून किंवा आखातातून येणारा पैसा उत्पन्नात धरायचा की नाही?

बाणाची कसोटी लावा. मुलगा मुंबईहून आईला १०,००० पाठवतो. आईकडून उलट दिशेला कारखान्याला काही गेलं का? नाही. म्हणून ते हस्तांतर. मुलाने केलेलं काम आणि त्याचा पगार मुंबईत एकदा मोजला गेला आहे, गावात पुन्हा मोजला तर दुप्पट होईल. गावाच्या खर्चाला मात्र ती मोठी भर असते. कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा’ म्हणत ते याच अर्थाने. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि तिथला पगार थांबल्याची झळ इथल्या किराणा दुकानापर्यंत पोचली.

आखातात स्थायिक होऊन काम करणाऱ्याचे पैसेही हस्तांतरच. ते देशाच्या उत्पादनात येत नाहीत, पण देशाच्या हाती खर्चायला असलेल्या उत्पन्नात येतात.

अपवाद जहाजावरच्या माणसाचा. रत्नागिरी-रायगडात असे पुष्कळ आहेत. परदेशी कंपनीच्या जहाजावर तो महिनोन्महिने असतो, पण त्याचं घर इथे, सुट्टीत तो येतो इथे, म्हणून हिशेबात तो भारताचा रहिवासी. त्याचा पगार हे परदेशातून मिळालेलं घटक उत्पन्न. देशांतर्गत उत्पादनात तो नाही, राष्ट्रीय उत्पन्नात आहे. दोन भाऊ, एक आखातात, एक जहाजावर, दोघेही परकी चलनात कमावतात, आणि हिशेबात दोघांचे रकाने वेगळे.

१५. गावात जमिनी विकून कोट्यवधी आले. मग गावाचं उत्पन्न वाढलं ना?

जमीन विकून आलेला पैसा उत्पन्न नाही. पैशाच्या उलट दिशेला काहीतरी गेलं हे खरं, पण ते त्या वर्षी तयार झालेलं नव्हतं. जमीन होतीच, मालक बदलला. जुनी बोट किंवा जुनी मोटारसायकल विकली तरी तसंच. मोजली जाते ती फक्त दलालाची दलाली आणि वकिलाची फी, कारण त्या सेवा त्या वर्षी दिल्या गेल्या. मुद्रांक शुल्क सरकारला जातं, ते कर म्हणून.

विकणाऱ्याने त्या पैशातून शीतगृह बांधलं तर ते बांधकाम उत्पादनात येईल. सोनं घेतलं तर बहुतेक पैसा आयातीच्या वाटेने बाहेर जाईल. मी दोन्ही प्रकार बघितले आहेत, दुसरा जास्त.

१६. आई दिवसभर राबते, परसातला माड आम्हाला नारळ देतो, शेजाऱ्यांनी मासे दिले की आम्ही तांदूळ देतो. यात पैसाच नाही. मग हे चक्राबाहेर?

तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. मासे-तांदूळ ही देवघेव पूर्ण चक्र आहे, फक्त दोन्ही बाण वस्तूंचे. घरी खाल्लेले नारळ आणि भात यांची बाजारभावाने अंदाजे किंमत धरून ते उत्पादनात मोजले जातात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं भाडंसुद्धा तसंच धरतात, जणू घर स्वतःलाच भाड्याने दिलं आहे.

आईचा स्वयंपाक आणि धुणीभांडी मात्र मोजत नाहीत. तिने घरच्यासाठी भात पिकवला तर मोजतात, तोच शिजवला तर नाही. तीच आई होमस्टेवर पगारी स्वयंपाक करू लागली की देशाचं उत्पन्न वाढतं. किंमत लावायची कशी ही अडचण सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरून एखादी मुलगी ‘असं कसं?’ विचारतेच, आणि तिचं समाधान मला अजून करता आलेलं नाही.

१७. निसर्ग वादळात आमची सुपारीची बाग गेली. ते नुकसान या हिशेबात दिसतं का?

त्या दिवशी दिसत नाही. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या. झाडं हा साठा आहे आणि ही आकृती फक्त प्रवाह दाखवते. विहीर आणि पाट यांतला फरक धरा. पाटाचं पाणी मोजणाऱ्याला विहिरीचा तळ फुटल्याचं लगेच कळत नाही.

उलट पुढच्या महिन्यांत प्रवाह फुगलेला दिसतो. पत्रे, कौलं, सुतार, झाडं कापायला करवतवाले, सगळ्यांना काम मिळतं आणि ते सगळं उत्पादनात मोजलं जातं. बाग गेल्याची खूण मागून येते. सुपारी विक्रीतून येणारं उत्पन्न थांबतं, आणि नवी पोफळ फळायला पाचेक वर्षं तरी लागतात, तोवर थांबलेलंच राहतं. त्या काळात बागेत शिंपण्याला येणारा गडी मुंबईला निघून गेलेला असतो, आणि त्याने घरी पाठवलेल्या पैशाचं काय करायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.